हवामान आलेख वाचताना उत्तर चुकतंय? दोन अक्षांचा घोळ कुठे होतो ते असं शोधा

दहावीच्या वर्गात भूगोल शिकवताना एक उत्तर मला दर वर्षी भेटतं. फळ्यावर मुंबईचा हवामान आलेख असतो. निळे स्तंभ पावसाचे, लाल रेषा तापमानाची. प्रश्न साधा असतो: ऑगस्ट महिन्याचं वर्णन करा. आणि चार-पाच वह्यांत तरी लिहिलेलं असतं, ‘ऑगस्टमध्ये पाऊस आणि तापमान समान असते.’

मागच्या वेळी मी एका मुलीला जवळ बोलावून विचारलं, "समान म्हणजे किती गं?"

ती आलेखावर बोट ठेवून म्हणाली, "बाई, हे बघा ना, रेषा स्तंभाच्या डोक्यावर टेकलीय."

तिचं निरीक्षण अचूक होतं. रेषा खरोखरच टेकली होती. चुकला तो फक्त अर्थ. म्हणून ‘नीट बघून लिही’ असं सांगून ही चूक सुटत नाही, कारण मूल नीटच बघत असतं. चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते शोधावं लागतं. या सगळ्या चुका बाहेरून सारख्या दिसतात, पण मुळं वेगवेगळी असतात. ती मी इथे एकेक करून उलगडते आहे.

सोबत पडताळून पाहता यावं म्हणून मुंबईचे आकडे देते. ते प्रत्यक्ष सरासरीच्या जवळपासचे आहेत, आलेखासाठी सोयीच्या पूर्णांकांत बसवलेले.

| महिना | पाऊस (मिमी) | सरासरी तापमान (°से.) |
|---|---|---|
| जानेवारी | ० | २४ |
| फेब्रुवारी | ० | २५ |
| मार्च | ० | २७ |
| एप्रिल | ० | २९ |
| मे | १५ | ३० |
| जून | ५०० | २९ |
| जुलै | ८०० | २८ |
| ऑगस्ट | ५५० | २७ |
| सप्टेंबर | ३५० | २८ |
| ऑक्टोबर | ८० | २९ |
| नोव्हेंबर | १० | २८ |
| डिसेंबर | ० | २५ |

आलेख कागदावर डावीकडे पावसाचा अक्ष ० ते ९०० मिमी, उजवीकडे तापमानाचा अक्ष ० ते ४५ अंश. दोन्हींची नऊ-नऊ घरं. म्हणजे एक घर डावीकडून वाचलं तर १०० मिमी आणि उजवीकडून वाचलं तर ५ अंश. हे एवढं वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे सारखं लागणार आहे.

रेषा स्तंभाला टेकली, म्हणजे काय झालं?

काहीच झालं नाही. ऑगस्टचा स्तंभ ५५० मिमी, म्हणजे साडेपाच घरं उंच. ऑगस्टचं तापमान २७ अंश, म्हणजे तळापासून पाच घरं आणि पुढे सहाव्याचा थोडा भाग, ५.४ घरं. दोन्ही उंची जवळजवळ सारख्या आल्या, म्हणून रेषा स्तंभाच्या डोक्याला लागली. पण मिलिमीटर आणि अंश यांची तुलनाच होत नाही. एकाच चौकटीत दोन मोजपट्ट्या उभ्या केल्या आहेत, एक डाव्या कडेला आणि एक उजव्या कडेला, एवढाच त्या चित्राचा अर्थ.

मुलांना हे तोंडी सांगून पटत नाही. करून दाखवलं की पटतं. त्याच आकड्यांचा आलेख मी आणखी दोनदा काढायला लावते.

दुसऱ्या आलेखात फक्त डावा अक्ष बदलायचा: ० ते १८०० मिमी. आता एक घर २०० मिमीचं. ऑगस्टचा स्तंभ पावणेतीन घरांवर आला आणि जुलैचा सर्वांत उंच स्तंभही चारच घरांचा झाला. तापमानाची रेषा मात्र जागची हलली नाही, ती आपली पाच-साडेपाच घरांवरच. आता ती एकाही स्तंभाला शिवत नाही.

तिसऱ्या आलेखात डावा अक्ष पुन्हा ९०० चा, पण उजवा ० ते ९० अंश. एक घर १० अंशांचं. आता रेषा तीन घरांच्या आत उतरली आणि जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे चारही स्तंभ तिच्या वर डोकं काढून उभे राहिले.

तीन आलेख, एकच मुंबई. पाऊस एक थेंब बदलला नाही, तापमान अर्ध्या अंशानं हललं नाही. बदललं ते आपण निवडलेलं प्रमाण. मग ‘जूननंतर पाऊस तापमानाला ओलांडतो’ हे वाक्य कोणत्या आलेखावरून लिहायचं? पहिल्यावरून लिहिलं तर खरं वाटतं, दुसऱ्यावरून खोटं. जे वाक्य प्रमाण बदलताच खोटं ठरतं ते हवामानाबद्दलचं वाक्यच नव्हे. हा तासाभराचा उद्योग आहे, पण मी तो कधीच वगळत नाही. एकदा स्वतःच्या हातानं तीन आलेख काढलेलं मूल पुढे कधी ‘समान’ लिहीत नाही.

स्तंभ चुकीच्या अक्षावर वाचला असेल तर

ही चूक जास्त फसवी, कारण कधीकधी उत्तर पटण्यासारखं येतं. जुलैचा स्तंभ आठ घरं उंच आहे. नजर डावीकडे जाण्याऐवजी उजवीकडे गेली तर तिथे ४० दिसतं. ‘जुलैचे तापमान ४० अंश’ असं उत्तर येतं आणि तपासणाऱ्यालाही क्षणभर वाटतं, असेल काही तरी. जूनचा स्तंभ उजवीकडून वाचला तर २५ अंश येतं, तेही चालून जातं.

म्हणून तपासणी नेहमी सर्वांत ठेंगण्या स्तंभावर करावी. ऑक्टोबरचा स्तंभ पाऊण घराच्या आसपास आहे. उजव्या अक्षावर त्याचं वाचन येतं ४ अंश. मुंबईत ऑक्टोबरात ४ अंश? दुपारी घामाच्या धारा लागतात त्या महिन्यात? आणि जानेवारीला तर स्तंभच नाही, म्हणजे ० अंश, पाणी गोठायला हवं. इथे मूल स्वतःच थांबतं.

उलटी चूकही तशीच पकडता येते. रेषा डावीकडून वाचली तर मे महिन्याचे ३० अंश होतात ६०० मिमी आणि जानेवारीचे २४ अंश होतात ४८० मिमी. मुंबईत जानेवारीत ४८० मिमी पाऊस पडला असता तर पतंग कोणी उडवले असते?

यावरचा माझा उपाय अगदी घरगुती आहे. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापायची. पाऊस वाचायचा असेल तेव्हा ती तापमानाच्या अक्षावर ठेवायची, आकडे पूर्ण झाकून. बारा महिन्यांचा पाऊस वाचून झाला की पट्टी उचलून पावसाच्या अक्षावर ठेवायची आणि मग तापमान वाचायचं. महिन्यागणिक पाऊस-तापमान, पाऊस-तापमान असं आलटून पालटून वाचू नये. नजरेची गल्लत त्यातच होते.

पट्टीची गरज संपली की दुसरी सवय लावते. स्वतः आलेख काढताना अक्षावरचे आकडे आकृतीच्याच रंगात लिहायचे. स्तंभ निळे तर त्यांच्या अक्षावरचे आकडेही निळे, रेषा लाल तर तिचे आकडेही लाल.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. ‘डावीकडे पाऊस, उजवीकडे तापमान’ असं पाठ करू नका आणि करवूनही घेऊ नका. पुष्कळ आलेखांत तापमान डावीकडे असतं. अक्षाच्या बाजूला उभं किंवा आडवं लिहिलेलं नाव आणि एकक आधी वाचायचं, मगच आकड्यांकडे जायचं. पाठांतरानं शिकलेली मुलं अशा उलट्या आलेखात बाराच्या बारा महिने चुकतात.

अक्ष बरोबर, तरी आकडा चुकतो

इथे चूक बारीक घरांची असते. आलेख कागदावर मोठं घर एक सेंटिमीटरचं आणि त्यात दहा बारीक घरं. आपल्या आलेखात डावीकडून एक बारीक घर म्हणजे १० मिमी पाऊस. उजवीकडून तेच बारीक घर म्हणजे अर्धा अंश.

जुलैच्या तापमानाचा बिंदू २५ च्या ओळीपासून सहा बारीक घरं वर आहे. सहा अर्धे अंश म्हणजे ३ अंश, उत्तर २८. पण मुलं सहा घरं मोजतात आणि २५ मध्ये ६ मिळवून ३१ लिहितात. उत्तर पुन्हा पटण्यासारखं, म्हणून चूक निसटते. एखाद्या वहीत तापमानं खरी असायला हवीत त्याहून सातत्यानं जास्त येत असतील आणि नेमकी ५ च्या पटीतली तापमानं (इथे फेब्रुवारी, मे, डिसेंबर) बरोबर असतील, तर दुखणं हेच. आधी एका बारीक घराची किंमत लिहायला लावा, डावीकडची वेगळी आणि उजवीकडची वेगळी.

आणि एक गंमत नव्हे, खरोखर झालेली गोष्ट सांगते. एका मुलानं जुलैचा पाऊस ८० मिमी लिहिला होता. कुठून आणला, मला कळेना. मग लक्षात आलं, त्यानं फुटपट्टी लावून स्तंभ मोजला होता. स्तंभ कागदावर आठ सेंटिमीटर, म्हणजे ८० मिमी उंच. पाऊस मिमीमध्ये, पट्टीवरही मिमी. त्याच्या दृष्टीनं सगळं जुळत होतं. एककाचं नाव एकच असल्यानं हा घोळ होतो, आणि मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. कागदावरचा मिलिमीटर आणि जमिनीवर साचलेल्या पाण्याचा मिलिमीटर यांच्यामध्ये प्रमाण उभं असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

दोन शहरांची तुलना करताना

दहावीला भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून शिकतात, त्यामुळे मुंबईशेजारी मनौस येतं. ॲमेझॉन खोऱ्यातलं हे शहर विषुववृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला आहे. तिथला महिन्यांचा पाऊस जानेवारीपासून साधारण असा: २६०, २९०, ३३५, ३१०, २८०, ११५, ८५, ४५, ७५, ११५, १७५, २२० मिमी.

या आलेखाचा डावा अक्ष बहुधा ० ते ४०० असतो. मार्चचा ३३५ मिमीचा स्तंभ त्यामुळे जवळजवळ वरच्या कडेपर्यंत पोहोचतो. शेजारच्या आलेखात मुंबईचा ८०० मिमीचा जुलैही ९०० पैकी तितकाच वर पोहोचलेला. मुलं लिहितात, ‘मुंबईचा जुलै व मनौसचा मार्च यांत सारखाच पाऊस पडतो.’ प्रत्यक्षात मुंबईचा जुलै दुपटीहून जास्त आहे.

मनौसचा आलेख मुंबईच्याच अक्षावर, ० ते ९०० वर, पुन्हा काढा. मार्चचा स्तंभ साडेतीन घरांच्याही आत राहतो. सगळे स्तंभ ठेंगणे दिसतात आणि मग मुलं दुसऱ्या टोकाला जातात: ‘मनौसला मुंबईपेक्षा खूप कमी पाऊस पडतो.’

आता बेरीज करायला सांगा. मुंबईची बेरीज २३०५, मनौसचीही २३०५. माझ्या पूर्णांकांमुळे ती शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली, पण प्रत्यक्षातही दोन्ही शहरांचा वार्षिक पाऊस सुमारे २३०० मिमीच आहे. वर्गात ही बेरीज झाली की शांतता पसरते. तेवढंच पाणी, पण मुंबईनं त्यातलं सुमारे ९५ टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घेतलं आणि मनौसनं बाराही महिन्यांत वाटून घेतलं. एका ठिकाणी मोसमी वाऱ्यांचा पाऊस, दुसरीकडे विषुववृत्तीय हवेतला बारमाही पाऊस. हे कळायला स्तंभांच्या उंचीआधी अक्षावरचा सर्वांत वरचा आकडा बघावा लागतो. दोन आलेख समोर आले की पहिलं काम तेच: दोन्हींच्या अक्षांची टोकं वाचून लिहून ठेवायची.

बेरजेचा दुसराही उपयोग आहे. बारा स्तंभ वाचून बेरीज केली आणि आलेखाखाली दिलेल्या वार्षिक पावसाशी ती जुळली नाही, तर वाचनात कुठेतरी गडबड आहे. फरक दहा-वीस मिमीचा असेल तर तो अंदाजाचा, सोडून द्या. फरक शेकड्यात असेल तर एखादा स्तंभ एका घरानं चुकलाय. बेरीज थेट निम्मी किंवा दुप्पट आली असेल तर एका घराची किंमतच चुकीची धरली आहे.

रेषेचा चढउतार खरा की अक्षाचा?

स्तंभांचा अक्ष सहसा शून्यापासून सुरू होतो, तापमानाचा मात्र तसा असेलच असं नाही. मनौसचं मासिक सरासरी तापमान वर्षभर २६ ते २८ अंशांच्या आसपास राहतं. अक्ष २५ ते २९ असा घेतला तर या दोन अंशांचा डोंगर होतो आणि उत्तर येतं, ‘मनौसच्या तापमानात मोठा चढउतार आढळतो.’ मुंबईची तापमान कक्षा ३० वजा २४, म्हणजे ६ अंश. तरी ० ते ४५ च्या अक्षावर ती रेषा जवळपास सपाट दिसते. म्हणून तापमान कक्षा डोळ्यांनी ठरवायचीच नाही. कमाल आणि किमान बिंदू वाचायचे आणि वजाबाकी करायची.

मुंबईच्या रेषेत एक खूण आहे, ती वाचन तपासायला फार कामी येते. रेषा मेपर्यंत चढते, पावसाळ्यात ढगांमुळे उतरते, ऑगस्टला खाली येते आणि ऑक्टोबरात पुन्हा डोकं वर काढते. दोन उंचवटे, मध्ये खळगा. तुमच्या वाचनात ऑगस्ट मेपेक्षा गरम निघाला तर तुम्ही नक्की स्तंभाचं डोकं वाचलंय, रेषेचा बिंदू नाही.

आणखी एक शंका दर वर्षी येते: "बाई, मुंबईत तर उन्हाळ्यात ३० च्या वर जातंच की!" जातंच. रेषा दिवस-रात्र मिळून महिन्याची सरासरी दाखवते. जानेवारीत दुपारी ३१ आणि पहाटे १७ असं असेल तर बिंदू २४ वर येतो. तो २४ चा आकडा दिवसातल्या कुठल्या एका वेळेचा नसतो. स्तंभांचंही तेच. ते अनेक वर्षांच्या सरासरीचे असतात, एखाद्या वर्षाचे नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. आपल्या आलेखातल्या जुलैच्या अख्ख्या स्तंभाहून तो जास्त आहे, अक्षाच्याही बाहेर जाणारा. हवामान आलेख असा दिवस दाखवू शकत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करू नये.

संगणकावर काढलेला आलेख बिघडला तर

प्रकल्पासाठी मुलं एक्सेलमध्ये आलेख काढतात आणि तापमानाची रेषा तळाला दोरीसारखी चिकटलेली येते. कारण उघड आहे: दोन्ही मालिका एकाच अक्षावर बसल्या आहेत आणि ९०० मध्ये २८ कुठे दिसणार? आलेख निवडून Change Chart Type उघडा, तिथे Combo घ्या, तापमानाच्या मालिकेला Line द्या आणि तिच्यासमोरच्या Secondary Axis वर खूण करा. रेषा वर येते.

इथे बरेच जण थांबतात, पण दुसरी अडचण आता सुरू होते. एक्सेल उजवा अक्ष स्वतःच्या मनानं ठरवतं, बहुधा ० ते ३५. डावीकडे नऊ घरं, उजवीकडे सात. आलेखातल्या आडव्या रेघा मात्र डाव्या अक्षाच्याच असतात. तापमान वाचणारा त्या रेघांच्या आधारानं उजवीकडे सरकतो आणि दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी पोहोचतो. उपाय सोपा: उजव्या अक्षावर दोनदा क्लिक करून Format Axis मध्ये Minimum ला 0, Maximum ला 45 आणि Major ला 5 टाका. डाव्या अक्षाला 0, 900 आणि 100. नऊ घरांना नऊ घरं जुळली की प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंना खरी ठरते. वर मी ४५ हा आकडा घेतला तो याचसाठी. एरवी मुंबईला ३५ पुरले असते.

तापमान शून्याखाली जात असेल तर

लेहचा आलेख घ्या. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या बरंच खाली आणि वर्षभराची वृष्टी १०० मिमीच्या आसपास. समजा उजवा अक्ष उणे १० ते ३० आहे आणि डावा ० ते ४०. दोन्हींची आठ घरं. आता तळाची रेघ पावसासाठी ० आहे, पण तापमानासाठी उणे १०. तापमानाचं शून्य दोन घरं वर, डावीकडच्या १० मिमीच्या रांगेत आहे. मुलं तळालाच दोन्हींचं शून्य समजतात आणि हिवाळ्यातल्या बिंदूंना ‘५ अंश’ म्हणतात, जिथे ‘उणे ५’ असायला हवं. आलेख हातात आला की तापमानाच्या शून्यातून पेन्सिलीनं एक फिकट आडवी रेघ ओढा. तिच्या खालचे सगळे बिंदू उणे. कामाला दहा सेकंद लागतात.

एक प्रकार, जिथे टेकण्याला अर्थ असतो

वर मी ठामपणे म्हटलं की रेषेनं स्तंभाला शिवण्याला अर्थ नाही. एका जातीच्या आलेखाला हे लागू नाही आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या हाती तो कधीतरी येतोच. हाइनरिश वॉल्टर आणि हेल्मुट लीथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पद्धतीचा हा आलेख. त्यात दोन प्रमाणं मोकळी नसतात, एकमेकांना बांधलेली असतात: १० अंशांसमोर नेहमी २० मिमी. म्हणजे तापमानाच्या दुपटीपेक्षा पाऊस कमी पडला, तर तो महिना झाडाझुडपांसाठी कोरडा मानायचा. पावसाची रेषा तापमानाच्या रेषेखाली गेली की कोरडा काळ सुरू, वर आली की संपला. इथे छेदबिंदू मुद्दाम घडवलेला आहे. कुठल्याही प्रमाणाच्या योगायोगानं तो येत नाही. (याच आलेखात १०० मिमीच्या वर प्रमाण दहापट आखडतं, ते न पाहता वाचलं तर मुसळधार पावसाचे महिने मध्यम दिसतात.)

मुंबईचे आकडे यात घालून बघा. ऑक्टोबरचं तापमान २९, दुप्पट ५८, पाऊस ८०. ओला महिना. नोव्हेंबरचं तापमान २८, दुप्पट ५६, पाऊस १०. कोरडा. तिथून मेपर्यंत सात महिने कोरडे, कारण मेचे १५ मिमीही ६० च्या खूप खाली आहेत. आपल्या पहिल्या आलेखात मात्र ऑक्टोबरचा स्तंभ रेषेच्या कितीतरी खाली होता, आणि त्यावरूनच एकानं ‘ऑक्टोबर कोरडा’ असं लिहिलं होतं.

मनौसचंही करून बघितलं. अकरा महिने ओले निघाले. फक्त ऑगस्टला ४५ मिमी पाऊस तापमानाच्या दुपटीच्या, साधारण ५५ च्या, जरासा खाली येतो.

तुमच्यासमोरचा आलेख या जातीचा आहे का, हे ओळखायला अक्षांची नावं आणि आकडे पुरतात. तापमानाच्या १० समोर पावसाचे २० आणि २० समोर ४० असतील तर टेकण्याचा अर्थ लावा. आपल्या मुंबईच्या आलेखात १० अंशांसमोर २०० मिमी आहेत.